भाव ८४ चा ८४च, मग ९,७४० रुपये गेले कुठे?

*नाना, नमस्कार. चोपड्याला माझं कृषी केंद्र आहे. गेल्या वर्षी एका छोट्या कंपनीचे २,००० शेअर घेतले. मोबाइलवर भाव ८४ होता, पण सरासरी पडली ८६ रुपये २० पैसे. आठ महिन्यांनी भाव परत ८४ दिसला म्हणून सगळे विकले, तर हातात सरासरी ८१ रुपये ३३ पैसेच आले. भाव तोच, आणि ९,७४० रुपये कमी! दलाली तर शून्य आहे. मग ब्रोकरने मधल्या मधे काही केलं का? सौ.च्या खात्यात याच कंपनीचे अजून ३,००० शेअर आहेत, तेही काढायचे आहेत. दोन्ही वेळचं ट्रेडबुक आणि विकण्याआधी काढलेला स्क्रीनचा फोटो सोबत पाठवतो.*

*— एक वाचक, चोपडा*

भाऊ,

ट्रेडबुक आणि फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, नाहीतर मला अंदाजानेच बोलावं लागलं असतं. ब्रोकरचा संशय मनातून काढून टाका. एक्स्चेंजवर आधी चांगल्या भावाची ऑर्डर आणि एकाच भावात आधी आलेली ऑर्डर, असा क्रम असतो. तुमचे सगळे सौदे त्याच क्रमाने लागलेत. तरीही खात्री हवी असेल तर कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा ट्रेड नंबर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर टाकून ताजा सौदा पडताळता येतो.

आता तुमच्याच फोटोत बघा. वर मोठ्या अक्षरात ८४ दिसतंय. तो शेअरचा आजचा भाव नाही, तो शेवटच्या सौद्याचा भाव आहे. तो सौदा दहा शेअरचा असू शकतो आणि दोन तासांपूर्वीचाही असू शकतो. तुम्हाला विकायचं असेल तेव्हा उपयोगाचा भाव खालच्या तक्त्यात असतो, ज्याला मार्केट डेप्थ म्हणतात. त्यात डावीकडे घेणाऱ्यांची रांग आहे: ८२.५० ला ३०० शेअर, ८२ ला ५००, ८१.२५ ला ४००, ८०.५० ला ८०० आणि ८० ला १,०००. उजवीकडे विकणाऱ्यांची रांग ८४ पासून सुरू होते. घेणारा जास्तीत जास्त ८२.५० द्यायला तयार आहे आणि विकणारा ८४ च्या खाली यायला तयार नाही. पहिल्याला बिड म्हणतात, दुसऱ्याला आस्क, आणि मधल्या दीड रुपयाला स्प्रेड.

म्हणजे तुम्ही विकायला गेलात त्या क्षणी ८४ ला घेणारा कोणी नव्हताच. तो विकणाऱ्याचा भाव होता आणि तुम्ही स्वतः विकणारे होतात.

पण नुकसान फक्त या दीड रुपयाचं नाही. तुम्ही ‘मार्केट’ ऑर्डर टाकली, म्हणजे मिळेल त्या भावात पूर्ण २,००० विका असं सांगितलंत. ८२.५० वाल्याला फक्त ३०० हवे होते. ते संपल्यावर तुमची ऑर्डर ८२ वर उतरली आणि तिथले ५०० तिने घेतले. मग ८१.२५ चे ४०० आणि शेवटी ८०.५० चे ८००. एकूण मिळाले १,६२,६५० रुपये. खरेदीच्या दिवशी हेच उलट्या दिशेने झालं. ट्रेडबुकमध्ये ८४ ला २००, ८४.८० ला ३००, ८५.५० ला ५००, ८७ ला ६०० आणि ८८ ला ४०० असे पाच सौदे आहेत. त्यांचे झाले १,७२,३९० रुपये. तुमच्याच ऑर्डरने रांग खात खात भाव तुमच्याविरुद्ध ढकलला. या ढकलण्याचा जो खर्च पडतो त्याला इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात.

तो मोजायची रीत एनएसईने ठरवलेली आहे आणि ती कागदावर कोणालाही करता येते. बिड आणि आस्क यांच्या बरोबर मधला भाव घ्यायचा. तुमच्या बाबतीत ८२.५० आणि ८४ यांचा मध्य ८३.२५ येतो. खरेदीच्या दिवशी घेणाऱ्यांची रांग कशी होती याचा फोटो नाही, म्हणून हिशेबापुरती तीच धरतो. तुम्हाला पडलेली सरासरी या मधल्या भावापासून किती टक्के दूर गेली, तेवढी इम्पॅक्ट कॉस्ट. खरेदीला ८६.१९५ पडले, म्हणजे २.९४५ रुपये जास्त, साधारण साडेतीन टक्के. विक्रीला ८१.३२५ मिळाले, म्हणजे १.९२५ रुपये कमी, साधारण २.३ टक्के. या मापात स्प्रेडचा अर्धा भाग आपोआप येतो, म्हणून दोन्ही वेगळे धरून दोनदा मोजू नका.

तुमचे ९,७४० रुपये आता असे उलगडतात. त्यातले ३,००० रुपये निव्वळ स्प्रेडचे, कारण २,००० शेअरवर तुम्ही तो दीड रुपया एकदा पूर्ण मोजला, अर्धा घेताना आणि अर्धा विकताना. उरलेले ६,७४० रुपये पहिल्या भावाच्या पलीकडे रांग खात गेल्याचे. ते पैसे ब्रोकरला मिळाले नाहीत, सरकारलाही नाहीत. ज्यांनी आपला भाव आधी लिहून रांगेत वाट पाहिली, त्या अनोळखी माणसांना ते मिळाले. शेजारी दिसणारे खर्च बघा: दोन्ही वेळचा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, ०.१ टक्क्याने सुमारे ३३५ रुपये, खरेदीवरची स्टॅम्प ड्युटी पंचवीसएक रुपये, वर शेअरचं खातं सांभाळणाऱ्या डीपीचे किरकोळ पैसे. दलाली शून्य असताना पावतीवर दिसणारा सगळा खर्च चारशे रुपयांच्या आसपास आहे. खरा खर्च त्याच्या चोवीस-पंचवीस पट आहे आणि तो कुठल्याच पावतीवर छापून येत नाही. मला याचाच जास्त राग येतो, कारण लोक दलालीच्या वीस रुपयांसाठी ब्रोकर बदलतात आणि या रकमेकडे कोणी बघतच नाही.

मोठ्या कंपनीत एवढा खर्च का होत नाही, हे तुम्हाला कापसावरून लगेच कळेल. तुमच्याच दुकानात बसणारे शेतकरी खेडा खरेदीवाल्याला कापूस देतात तेव्हा तो जिनिंगपेक्षा कमी भाव देतो. दरवेळी तो लुबाडतच असतो असं नाही. गाडी भरेपर्यंत माल त्याला घरात ठेवावा लागतो आणि त्या दोन-चार दिवसांत भाव पडला तर मार त्याच्या माथी. आणखी एक भीती असते. गाठोड्याच्या पोटात ओला कापूस आहे का, हे शेतकऱ्याला माहीत असतं, त्याला नसतं. म्हणून तो सगळ्यांनाच थोडा कमी भाव देतो आणि कोरडा कापूस आणणाराही त्यात भरडला जातो. हाच व्यापारी हंगामात रोज शंभर गाड्या येतात तिथे बसला तर त्याची गाडी तासाभरात भरते, शेजारी दहा घेणारे असतात आणि त्याला फरक फार ठेवता येत नाही.

शेअरच्या रांगेत ८२.५० ला उभा असलेला माणूस हा तो खेडा खरेदीवाला आहे. तुमचे ३०० शेअर घेतल्यावर ते त्याला परत कधी विकता येतील? तुमच्या फोटोत त्या दिवसाची एकूण उलाढाल १,८५० शेअर आहे. सगळ्या देशाने मिळून दिवसभरात १,८५० शेअरची देवघेव केली आणि तुम्ही एका बोटाने २,००० विकायला काढलेत. हा एक आकडा आधी पाहिला असता तर तुम्ही ते बटण दाबलंच नसतं. मोठ्या कंपनीत त्याने घेतलेला माल काही सेकंदांत पुढे जातो. इथे त्याला दिवस लागतील आणि तेवढ्या दिवसांचा धोका तो भावात लावतो.

ओल्या कापसाची भीती तर इथे जास्तच खरी आहे. या कंपनीवर लक्ष ठेवणारे विश्लेषक नाहीत, पेपरात तिची बातमी येत नाही. मोठी ऑर्डर हातची गेली हे कंपनीच्या वितरकाला, माल पुरवणाऱ्याला किंवा हिशेबनिसाच्या नातेवाइकाला आधी कळतं. अचानक कोणी २,००० शेअर विकायला आला की रांगेतल्या माणसाला प्रश्न पडतो, याला काही माहीत तर नसेल? तुम्हाला बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं, पण त्याला ते ओळखता येत नाही. लॉरेन्स ग्लॉस्टन आणि पॉल मिलग्रोम या दोघांनी १९८५ मध्ये दाखवलं की बाकी कुठलाच खर्च नसला तरी नुसत्या या भीतीपोटी बिड आणि आस्कमध्ये अंतर राहतं. मिलग्रोम यांना पुढे २०२० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मात्र लिलावांवरच्या कामासाठी.

त्यातच अशा कंपनीचे बाजारात फिरणारे शेअर मुळात थोडे असतात. प्रवर्तकांना ७५ टक्क्यांपर्यंत हिस्सा ठेवता येतो आणि तो रोज विकायला येत नाही. उरलेल्यातले कितीतरी शेअर वर्षानुवर्षे कोणाच्या तरी खात्यात पडून असतात. शेवटी रोजच्या देवाणघेवाणीला उरतात ते मूठभर. अंतर मोठं म्हणून लोक येत नाहीत आणि लोक येत नाहीत म्हणून अंतर मोठंच राहतं.

फरक किती मोठा आहे ते एनएसईच्याच मापाने बघा. निफ्टी ५० मध्ये यायचं असेल तर १० कोटी रुपयांच्या बास्केटला गेल्या सहा महिन्यांतल्या ९० टक्के नोंदींत सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट अर्ध्या टक्क्याच्या आत लागते. तुमची पावणेदोन लाखांची खरेदी साडेतीन टक्के खर्चात पडली. मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी आगाऊ घ्यायची अनामत, ठरवण्यासाठीही शेअरचे गट पाडतात, तिथे १ लाख रुपयांच्या ऑर्डरला १ टक्का ही रेषा आहे. तुमच्या खरेदीच्या दिवशी एक लाखाचे शेअर घेतले असते तरी जवळपास अडीच टक्के बसले असते.

तुमच्या पत्रात नाही, पण मनात असेल असं मला वाटतं, म्हणून बोलतो. आपल्या खानदेशात छोट्या कंपनीचं नाव निघालं की कोणीतरी अमळनेर काढतोच. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली आणि जुने शेअर सांभाळणाऱ्या घरांचं सोनं झालं. गोष्ट खरी आहे. पण तिच्यातला हिशेब लक्षात घ्या. ज्यांनी शेअर एकदा घेतले आणि वीस-तीस वर्षं हलवले नाहीत, त्यांनी हा येण्याजाण्याचा खर्च एकदाच मोजला. तुमचा येऊन-जाऊन खर्च ५.६५ टक्के झाला. तो वीस वर्षांवर पसरला तर वर्षाला पाव टक्क्याच्या जरा वर जातो. आठ महिन्यांवर पसरला तर वर्षाला साडेआठ टक्क्यांच्या घरात पडतो, म्हणजे बँकेच्या ठेवीएवढी कमाई निव्वळ दारातून आत-बाहेर करण्यात गेली. आठ-आठ महिन्यांनी असे शेअर फिरवणं मला मुळीच पटत नाही, कंपनी कितीही चांगली असली तरी.

आता वहिनींच्या ३,००० शेअरचं बघू. फोटोतली रांग पुन्हा तशीच भरली असं धरलं आणि तुम्ही परत मार्केट ऑर्डर टाकली, तर पाचही पायऱ्या संपतील. हातात येतील २,४२,६५० रुपये, सरासरी ८०.८८. आणि स्क्रीनवर पाचच पायऱ्या दिसतात, त्याखाली काय आहे ते दिसत नाही. त्या तक्त्याच्या तळाशी ‘एकूण खरेदी’ म्हणून मोठा आकडा येतो, त्यावर भिस्त ठेवू नका. फार खालच्या भावाला टाकून ठेवलेल्या ऑर्डरीही त्यात मोजलेल्या असतात. उलट कधी रांग दिसते त्यापेक्षा जाड असते, कारण ऑर्डरचा काहीच भाग उघड करून बाकीचा झाकून ठेवायची मुभा आहे. पण झाकलेलं असेल या आशेवर विकू नका.

लिमिट ऑर्डर टाका. म्हणजे तुमचा भाव तुम्ही लिहायचा आणि रांगेत उभं राहायचं. समोर विकणारा ८४ ला उभा असेल तर तुम्ही ८३.५० लिहा, म्हणजे पुढचा घेणारा आधी तुमच्याकडे येईल. रोज ३०० च्या वर टाकू नका. दिवसाच्या उलाढालीच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास राहायचं ही माझी स्वतःची रीत आहे. सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं अशा शेअरमध्ये अंतर फार रुंद असतं, ती जाऊ द्या. समजा अर्धे शेअर ८३.५० ला गेले आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी कंटाळून ८२.५० घ्यावे लागले. तरी सरासरी ८३ पडेल आणि २,४९,००० रुपये येतील. एका झटक्यात विकण्यापेक्षा ६,३५० रुपये जास्त. खर्च एवढाच वाढेल की डीपीचे पंधरा-वीस रुपये विक्रीच्या प्रत्येक दिवशी लागतात, दहा दिवसांचे दीड-दोनशे होतील. कंपनी बीएसई आणि एनएसई दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडची रांग रोज बघा, अशा शेअरमध्ये एकीकडे चांगला घेणारा असतो आणि दुसरीकडे शुकशुकाट.

लिमिट ऑर्डर फुकट मिळते असं मात्र समजू नका. आता तुम्हीच खेडा खरेदीवाल्याच्या जागी बसलात. ८३.५० ला तुम्ही उभे असताना चांगली बातमी आली तर जाणकार माणूस तुमचे शेअर आधी उचलून नेईल. वाईट बातमी आली तर तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही आणि भाव तुमच्या खाली निघून जाईल. दहा दिवस थांबण्याचा धोका ही त्या सहा हजारांची किंमत आहे. मला तो धोका इथे परवडतो, कारण वहिनींना पैशाची घाई आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही. उद्याच दवाखान्यात भरायचे असते तर मी ८२ ची लिमिट लावून मिळतील तेवढे विका असं सांगितलं असतं.

स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला उतरला की आपोआप विकणारी ऑर्डर, लावायचा मोह होईल. ‘एसएल-एम’ प्रकारचा तर अजिबात लावू नका. अशा शेअरमध्ये कोणीतरी शंभर शेअर घाईने विकले तरी भाव दोन रुपये खाली टेकतो, तुमची ऑर्डर जागी होते आणि तीच मार्केट ऑर्डर बनून सगळी रांग खात जाते. पाच मिनिटांनी भाव परत वर असतो आणि तुमच्या हातात शेअर नसतात.

एक अनुभव सांगतो, कारण वर मोजलेले टक्के शांत दिवसाचे आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे अशाच एका छोट्या कंपनीचे शेअर होते, भाव ६०. तिमाही निकाल वाईट आला आणि शेअरला ५ टक्क्यांचं सर्किट होतं, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून जास्त हलू शकत नव्हता. पहिल्या दिवशी भाव ५७ वर जाऊन अडकला, डावी बाजू कोरी, घेणारा एकही नाही. दुसऱ्या दिवशी ५४.१५, तिसऱ्या दिवशी ५१.४५, चौथ्या दिवशी ४८.९०. रोज सकाळी नऊला मी ऑर्डर टाकायचो आणि संध्याकाळी ती तशीच परत यायची. पाचव्या दिवशी घेणारे आले तेव्हा विकले गेले. ते चार दिवस माझी इम्पॅक्ट कॉस्ट मोजताच आली नसती, कारण मोजायला समोर बिडच नव्हती.

म्हणून वहिनींचे शेअर विकायला काढण्याआधी कंपनीने निकालाच्या बैठकीची तारीख कळवली आहे का ते एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर बघा. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वर्षाच्या शेवटच्या तिमाहीला ६० दिवसांत, निकाल द्यावा लागतो आणि ती तारीख जवळ आली की या रांगा आणखी विरळ होतात. बैठकीला पंधरा दिवसांहून जास्त वेळ असेल तर रोज ३०० ने सुरू करा. कमी असेल तर पहिले चार-पाच दिवस ५०० काढा आणि भावात पन्नास पैसे सोडा. शेअर टी-टू-टी गटात नाही ना हेही तपासा. त्या गटात आज घेऊन आजच विकता येत नाही, त्यामुळे तिथे घेणारे आणखी कमी असतात. पहिल्या दोन दिवसांत ८३.५० ला किती शेअर गेले ते मला कळवा, त्यावरून पुढचा भाव ठरवू.

— नाना